कारवीचा मध आणि तीन मिनिटांची उकळी

मधासाठी भारतात जे अन्नमानक आहे, त्यात एका सह्याद्रीतल्या झुडपाला सवलत दिलेली आहे. सर्वसाधारण मधात सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, वजनाने 5 टक्क्यांहून जास्त असता कामा नये आणि क्षपणकारी शर्करा किमान 65 टक्के असली पाहिजे. कारवीच्या मधाला मात्र हीच मर्यादा 10 टक्के आणि 60 टक्के अशी सैल करून दिली आहे. महाबळेश्वराच्या परिसरातल्या उतारांवर सात-आठ वर्षांतून एकदा कारवी एकदम फुलते आणि त्या हंगामात मधमाश्या जो गडद मध गोळा करतात, त्यात मुळातच सुक्रोज अधिक उरते. ज्याने हे मानक लिहिले, त्याने ही गोष्ट मान्य केली हे मला फार महत्त्वाचे वाटते. नाहीतर मध काढणाऱ्याने एक दाणाही साखर न घालता त्याचा माल भेसळीचा ठरला असता.

पण 5 आणि 10 यांतला फरक ठरवायचा कसा? आज मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी महागडी यंत्रे आहेत. तरीही साखर कारखान्याची प्रयोगशाळा असो की जॅम-मध तपासणारी जिल्ह्याची, तिथे अजूनही एक ब्युरेट, एक उकळता निळा फ्लास्क आणि एक स्टॉपवॉच घेऊन हे काम केले जाते. या रीतीला लेन-आयनन पद्धत म्हणतात. जे. एच. लेन आणि एल. आयनन या दोन इंग्लिश रसायनज्ञांनी ती 1923 साली प्रसिद्ध केली. तिच्यातली एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे: जिच्यावर ती उभी आहे, त्या रासायनिक क्रियेला नेमके समीकरणच नाही, आणि तरीही ती अचूक उत्तर देते.

आधी ज्या शर्करा मोजायच्या त्या पाहू. ग्लुकोज हा रेणू बहुतेक वेळ कड्यासारखा मिटलेला असतो. पाण्यात ते कडे मधूनमधून उघडते, आणि उघडले की त्याच्या एका टोकाला आल्डिहाइडचा गट मोकळा होतो. हा गट दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देण्यास उत्सुक असतो. म्हणून ग्लुकोज क्षपणकारी. फ्रुक्टोजमध्ये असे टोक नसते, पण अल्कली द्रावणात त्याची रचना बदलते आणि तेही तांब्याला इलेक्ट्रॉन देऊ लागते. दुधातले लॅक्टोज आणि मोड आलेल्या धान्यातले माल्टोज यांचेही एक टोक मोकळे असते. सुक्रोजमध्ये मात्र ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना बरोबर त्या क्रियाशील टोकांनीच जोडलेले असतात. दोन्ही टोके अडकल्यामुळे सुक्रोज तांब्यावर जवळजवळ काही परिणाम करत नाही. आम्लाने तो जोड तोडला की एका सुक्रोजपासून दोन क्षपणकारी रेणू मिळतात. मिळणाऱ्या या मिश्रणाला साखर उद्योगात इन्व्हर्ट शुगर म्हणतात. मधाचा मोठा भाग हाच असतो, कारण फुलातल्या रसातले सुक्रोज तोडण्याचे काम मधमाशीच्या लाळेतील विकर आधीच करून ठेवते.

आता निळा फ्लास्क. स्टुटगार्टचे रसायनज्ञ हेरमान फॉन फेहलिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे द्रावण पुढे आणले. ते दोन बाटल्यांत ठेवतात. पहिल्या बाटलीत एका लिटरला 69.28 ग्रॅम मोरचूद. दुसऱ्या बाटलीत एका लिटरला 346 ग्रॅम रोशेल मीठ, म्हणजे टार्टारिक आम्लाचे सोडियम-पोटॅशियमचे क्षार, आणि 100 ग्रॅम कॉस्टिक सोडा. मोरचुदात नुसता कॉस्टिक सोडा घातला तर तांबे हायड्रॉक्साइडच्या निळ्या साक्याच्या रूपाने लगेच खाली बसते आणि साखरेशी नीट भिडत नाही. टार्टरेट तांब्याच्या आयनाला धरून ठेवते, त्यामुळे तीव्र अल्कलीतही तांबे विरघळलेलेच राहते आणि द्रावण गर्द निळे दिसते. दोन बाटल्या वेगळ्या ठेवण्याचे कारण असे की एकत्र केल्यावर टार्टरेट स्वतःच तांब्याचे हळूहळू क्षपण करू लागते. म्हणून दोन्हींचे प्रत्येकी 5 मिली पिपेटने काढून ऐन वेळी एकत्र करायचे. पिपेटला रबरी फुगा लावायचा, कारण दुसऱ्या बाटलीतला कॉस्टिक तोंडात गेला तर तोंड भाजते.

या 10 मिली मिश्रणात साखर पडली आणि ते उकळले की निळे तांबे इलेक्ट्रॉन घेऊन क्युप्रस ऑक्साइड बनते. त्याचा विटकरी लाल साका दिसू लागतो. किती साखर घातल्यावर सगळे निळे तांबे संपले हे कळले की साखर मोजता आली, असे वाटते. इथेच खरी गोम आहे.

हिशेब करून पाहू. 10 मिली मिश्रणात मोरचूद 0.3464 ग्रॅम असते, म्हणजे तांबे सुमारे 1.39 मिलिमोल. शाळेच्या पुस्तकात जे समीकरण असते, त्यात ग्लुकोजच्या एका आल्डिहाइड गटाचे आम्ल होते आणि त्यासाठी तांब्याचे दोन आयन लागतात. त्या हिशेबाने हे तांबे संपवायला 125 मिलिग्रॅम ग्लुकोज लागले पाहिजे. प्रत्यक्षात लागते सुमारे 50 मिलिग्रॅम. एका ग्लुकोजने दोन नव्हे, जवळपास पाच तांबे घेतले! कारण उकळत्या कॉस्टिकमध्ये ग्लुकोज फक्त टोकाचा गट गमावून थांबत नाही. त्याची साखळी तुटते, तुकडे होतात, आणि ते तुकडेही तांब्याला इलेक्ट्रॉन देतात. हे तुटणे किती चालेल हे द्रावण किती तापले, किती वेळ उकळले, अल्कली किती तीव्र होती आणि एकूण आकारमान किती होते यावर ठरते. जास्त वेळ उकळले तर तीच साखर अधिक तांबे खाते.

म्हणून इथे कागदावरच्या समीकरणातून उत्तर काढता येत नाही. लेन आणि आयनन यांनी उलट वाट धरली. उकळीची वेळ, द्रावणाचे माप, फ्लास्कचा आकार ठरवून टाकायचे आणि त्याच परिस्थितीत शुद्ध शर्करा किती लागते ते मोजून तक्ता करायचा. त्यांच्या तक्त्यात 10 मिली फेहलिंगसाठी इन्व्हर्ट शुगरचा आकडा ब्युरेटमधून 15 मिली गेले असेल तर 50.5 मिलिग्रॅम आणि 25 मिली गेले असेल तर 51.2 मिलिग्रॅम आहे. द्रावण जितके पातळ तितके फ्लास्कातले अल्कली पातळ होते, म्हणून थोडी जास्त साखर लागते. आकडा स्थिर नाही, पण कसा बदलतो हे माहीत आहे. थोडक्यात, तक्ता वापरायचा तर त्यांच्याच रीतीने उकळले पाहिजे. काळ, आच आणि माप हे या मोजमापाचे बाहेरचे नियम नव्हेत, ते मोजमापाचाच भाग आहेत.

राहिला प्रश्न शेवट ओळखण्याचा. लाल साक्याने गढुळलेल्या, बुडबुडणाऱ्या द्रावणात शेवटचा निळेपणा गेला की नाही हे डोळ्यांना नीट कळत नाही. त्यामुळे पूर्वी दरवेळी फ्लास्कातला एक थेंब बाहेर काढून, साका गाळून, पोटॅशियम फेरोसायनाइडने तपासत. तांबे उरले असेल तर तपकिरी रंग यायचा. पण थेंब काढेपर्यंत, गाळेपर्यंत घड्याळ पुढे सरकते, फ्लास्क थंड होतो, आणि ज्या क्रियेत प्रत्येक सेकंद मोजावा लागतो तिच्यात हे परवडत नाही.

लेन आणि आयनन यांनी फ्लास्कातच मिथिलीन ब्लूचे काही थेंब टाकले. हा कापड रंगवण्यासाठी 1876 साली तयार झालेला गडद निळा रंग. त्याचे क्षपण झाले की तो पूर्ण रंगहीन होतो. साखर आणि तिचे तुकडे तांबे असेपर्यंत तांब्यालाच आधी भिडतात. शेवटचे तांबे संपल्यावर पडणारा पुढचा थेंब मिथिलीन ब्लूला रंगहीन करतो. निळा पडदा एकाएकी निघतो आणि खाली झगझगीत विटकरी लाल उरते. बाहेरचा कागद, गाळणी, कसलीच गरज राहिली नाही. माझ्या मते या पद्धतीचे खरे यश तक्त्यात नसून याच चार थेंबांत आहे. उकळी न थांबवता शेवट दिसू लागला, म्हणूनच ठरलेली वेळ पाळता येऊ लागली.

मात्र या रंगाची एक खोड आहे. रंगहीन झालेल्या मिथिलीन ब्लूला हवेतला प्राणवायू मिळाला की तो पुन्हा निळा होतो. उकळत्या द्रावणातून सतत वाफ वर येते, ती हवेला फ्लास्कबाहेर ढकलते, म्हणून शेवट टिकतो. नवशिक्या शेवट नीट पाहण्यासाठी फ्लास्क आचेवरून उचलतो, जरा हलवतो, आणि समोर निळा रंग परत येतो. मग तो आणखी साखर सोडतो. ब्युरेटमधून जास्त द्रावण गेले, म्हणजे नमुन्यात साखर कमी आहे असे उत्तर निघते. बॉयलिंग फ्लास्क आचेवरून न उचलणे हा नियम इतका कडक का, त्याचे हे कारण.

आता प्रत्यक्ष कृती. ब्युरेटमध्ये साखरेचे द्रावण असते, फ्लास्कमध्ये फेहलिंग. बहुतेक अनुमापनांत मोजायची वस्तू खाली असते आणि ज्ञात द्रावण वर, इथे उलट आहे. ब्युरेटचे तोंड वाकडे करून घेतात, म्हणजे वर येणाऱ्या वाफेने ब्युरेटमधले द्रावण तापून फुगत नाही. पहिले अनुमापन फक्त अंदाजासाठी. 10 मिली फेहलिंगमध्ये 15 मिली साखरेचे द्रावण सोडून उकळायचे. निळा रंग अजून गडद असेल तर दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने एकेक मिली सोडत जायचे, निळेपणा फिका पडला की मिथिलीन ब्लू टाकून शेवट गाठायचा. या फेरीत वेळ वाढते म्हणून हा आकडा नोंदवायचा नाही, मार्गदर्शक म्हणून वापरायचा.

दुसरी फेरी खरी. समजा अंदाज 17 मिलीचा आला. नवीन फेहलिंग घेऊन थंड असतानाच त्यात 16.3 मिलीच्या आसपास द्रावण सोडून टाकायचे, उकळी एकदम उसळू नये म्हणून प्युमिसचा एखादा खडा टाकायचा, आणि मग आच द्यायची. उकळी फुटली की स्टॉपवॉच सुरू. दोन मिनिटे मध्यम, सलग उकळी. मग आच न थांबवता मिथिलीन ब्लूच्या एक टक्का द्रावणाचे तीन-चार थेंब. आता एका मिनिटात उरलेले काम संपवायचे: थेंब, काही सेकंद थांबा, कडेने पाहा, पुन्हा थेंब. एकूण उकळी तीन मिनिटांची. फुगे वर येत असताना मधोमध पाहून रंग कळत नाही. फ्लास्कच्या काठाशी, जिथे थर पातळ असतो तिथे निळी किनार दिसते आणि तिथूनच ती आधी जाते. या फेऱ्या दोन-तीनदा करायच्या आणि आकडे 0.1 मिलीच्या आत जुळले तरच ते घ्यायचे.

थेंब मोजून टाकण्याचा आग्रहही विनाकारण नाही. मिथिलीन ब्लू रंगहीन होताना स्वतःही थोडी साखर खातो. प्रमाण द्रावणासाठी चार थेंब आणि नमुन्यासाठी दहा थेंब टाकले तर नमुन्याच्या मोजणीत दिसेल इतकी वाढ होते. दोन्हीकडे सारखे थेंब असले की ती वाढ आपोआप बाद होते.

याच तत्त्वाने आपल्या बाटल्यांची खातरजमाही केली जाते. मोरचूद तोलताना किंचित जास्त पडले, बाटलीत बाष्पीभवन झाले, तर छापील तक्त्याचा आकडा आपल्याला लागू पडत नाही. म्हणून 9.5 ग्रॅम शुद्ध सुक्रोज आम्लाने तोडून 10 ग्रॅम इन्व्हर्ट शुगर तयार करतात आणि एक लिटरपर्यंत नेतात. 342 भाग सुक्रोज 18 भाग पाणी घेऊन 360 भाग होते, म्हणून 9.5 चे 10. त्यातले 30 मिली उदासीन करून 100 मिलीपर्यंत नेले की एका मिलीत 3 मिलिग्रॅम. समजा त्याचे 17.0 मिली लागले. तर आपला फॅक्टर 17.0 गुणिले 3, म्हणजे 51.0 मिलिग्रॅम. छापील तक्ता इथे 50.7 सांगतो. आपले मोरचूद जरा जड आहे हे कळले, आणि यापुढे 51.0 हाच आकडा वापरायचा.

आता एक कारवीच्या मधाचा नमुना घेऊ. उदाहरणापुरते आकडे मी ठरवले आहेत, पण प्रयोगशाळेत असेच आकडे समोर येतात. मध 2.040 ग्रॅम तोलून 250 मिलीपर्यंत नेला. मधाला दूध किंवा जॅमसारखे प्रथिने-पेक्टिन काढून स्वच्छ करावे लागत नाही, हा मोठा सुटकेचा भाग. या द्रावणातले 50 मिली पाण्याने 100 मिली केले. आता एका मिलीत 4.08 मिलिग्रॅम मध. अनुमापनात 18.2 मिली लागले. तर 18.2 मिलीत 51.0 मिलिग्रॅम क्षपणकारी शर्करा आहे, आणि त्याच 18.2 मिलीत मध आहे 74.26 मिलिग्रॅम. 51.0 भागिले 74.26, म्हणजे 68.7 टक्के. किमान 65 ची अट सर्वसाधारण मधाचीही पूर्ण झाली.

दुसऱ्या भागासाठी मूळ द्रावणातले 50 मिली घेतले. त्यात समान पाण्याने सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल 10 मिली घालून खोलीच्या तापमानाला 24 तास ठेवले. सुक्रोज असेल तेवढे तुटते. तापवून हे काम लवकर होते, पण आम्लात जास्त तापवले तर फ्रुक्टोज नासू लागते. घाई नसेल तर 24 तासांची ही वाट मला अधिक भरवशाची वाटते. नंतर कॉस्टिक सोड्याने उदासीन करून तेही 100 मिली केले, म्हणजे एका मिलीत पुन्हा तोच 4.08 मिलिग्रॅम मध.

उदासीन करण्याची पायरी विसरली तर काय होते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. फेहलिंगच्या दुसऱ्या बाटलीतले 5 मिली म्हणजे 12.5 मिलिमोल कॉस्टिक. न मारलेल्या आम्लाच्या द्रावणाचे 17 मिली सोडले तर त्याबरोबर सुमारे 10 मिलिमोल आम्ल फ्लास्कात जाते. जवळजवळ सगळे अल्कली त्यातच संपते, आणि अल्कली नसेल तर शर्करेचे तुकडे होत नाहीत, क्षपण मंदावते. फ्लास्क निळाच राहतो, साखर सोडत बसावे लागते, आणि नवखा माणूस नमुन्यात साखर नाही असा निष्कर्ष काढतो. उलट बाजूनेही जपावे लागते. कॉस्टिक थंडपणे, ढवळत, लिटमसने पाहत घालायचा आणि किंचित आम्लधर्मी असतानाच थांबायचे, कारण अल्कली जास्त झाले तर शर्करा फेहलिंगपर्यंत पोहोचण्याआधीच नासते.

तर दुसऱ्या द्रावणाचे अनुमापन केले आणि 16.9 मिली लागले. 16.9 मिलीत मध 68.95 मिलिग्रॅम, म्हणून एकूण शर्करा इन्व्हर्टच्या हिशेबात 73.96 टक्के. तोडण्यापूर्वी 68.68 होती. वाढ 5.28. ही वाढ सुक्रोजच्या तुटण्यातून आली, आणि सुक्रोजच्या वजनात आणण्यासाठी तिला 0.95 ने गुणायचे: 5.02 टक्के.

5.02! मानकाची रेषा 5. आता दुसऱ्या द्रावणाला 17.0 मिली लागले असते तर काय झाले असते ते करून पाहा. एकूण शर्करा 73.53, वाढ 4.85, सुक्रोज 4.61 टक्के. 16.8 लागले असते तर 5.44. ब्युरेटच्या 0.1 मिलीने, म्हणजे जेमतेम दोन थेंबांनी, सुक्रोजचा आकडा 0.4 टक्क्यांनी सरकतो. क्षपणकारी शर्करेचा आकडा मात्र तितक्याच चुकीने 68.7 वरून 68.3 किंवा 69.1 होतो, त्यातला बदल कुणाला जाणवत नाही. दोन मोठे आकडे वजा करून लहान आकडा काढला की प्रत्येकातली चूक तशीच लहान आकड्यावर येऊन बसते. म्हणून या पद्धतीच्या अहवालात दुसऱ्या दशांशापर्यंत सुक्रोज लिहिणारा माणूस स्वतःला हवा त्याहून अधिक विश्वास दाखवतो. मी 5.0 लिहीन, आणि सीमेवरचा नमुना असेल तर चार वेळा अनुमापन करून सरासरी देईन.

अशा नमुन्यासाठी दोन्ही द्रावणे सारखीच पातळ केली, हे काही योगायोगाने झाले नाही. एक द्रावण दुप्पट पातळ असते तर एकाला 18 आणि दुसऱ्याला 34 मिली लागले असते, दोन्हीकडचा फॅक्टर वेगळा झाला असता, आणि 51.0 हाच आकडा दोन्हीकडे वापरला तर आलेली चूक थेट सुक्रोजमध्ये उतरली असती. 18.2 आणि 16.9 इतके जवळ आहेत की एकच फॅक्टर चालतो.

या नमुन्याचा निकाल द्यायचा कसा? 5.0 हा आकडा सर्वसाधारण मधासाठी वादाच्या काठावर, कारवीच्या मधासाठी मात्र सहज चालण्यासारखा. ही निवड अनुमापन करू शकत नाही. मध पातळ करून फिरवला की तळाशी परागकण बसतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार आणि नक्षी पाहून ते कोणत्या फुलाचे हे ओळखता येते. बाटलीवर कारवी लिहिले असेल तर परागकणांनी तशी साक्ष दिली पाहिजे, मगच 10 टक्क्यांची मर्यादा लागू होते.

आणि एक मर्यादा अशी आहे जी कितीही काळजी घेऊन हटत नाही. फ्लास्कला फक्त तांब्याला इलेक्ट्रॉन देणारे रेणू कळतात, ते आले कुठून हे कळत नाही. कोणी साखरेचा पाक सरळ मधात मिसळला तर सुक्रोजचा आकडा वाढतो आणि भेसळ पकडली जाते. पण तोच पाक आम्लाने तोडून इन्व्हर्ट करून मिसळला, तर तो क्षपणकारी शर्करा म्हणूनच मोजला जातो. 65 ची अट तर आणखीच चांगली पूर्ण होते. मक्याच्या स्टार्चपासून काढलेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या पाकाचेही तसेच. लेन-आयनन पद्धत इथे खोटे बोलत नाही, तिला विचारलेलाच प्रश्न वेगळा आहे. या भेसळीसाठी कार्बनच्या समस्थानिकांचा आधार घ्यावा लागतो. ऊस आणि मका कार्बन डायऑक्साइड एका विशिष्ट मार्गाने बांधतात, त्यामुळे त्यांच्या साखरेत जड कार्बन 13 चे प्रमाण बहुसंख्य फुलझाडांच्या रसातल्या साखरेपेक्षा किंचित जास्त राहते. हा फरक मधातील प्रथिने वेगळी काढून त्यांच्याशी ताडून मोजला जातो, आणि मधात ऊस किंवा मक्याची साखर मिसळली असेल तर मधाचा आकडा त्याच्या स्वतःच्या प्रथिनांच्या आकड्यापासून दूर जातो. तांदळाच्या किंवा बीटच्या साखरेला हीही चाचणी पुरत नाही, कारण ती पिके फुलझाडांच्याच मार्गाने कार्बन बांधतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत.